भोपूला मेसेज

३ मार्च
आज लॅबमध्ये भोपूचे दात आले!

म्हणजे दातांच्या दवाखान्यातून माझ्या या बालमैत्रिणीच्या वरच्या जबड्याचा ठसा आला. प्लास्टर ओतलं, सुकल्यावर मॉडेल सोडवून हातात घेतलं आणि ओळखलंच. डब्यावर नाव नाही, नुसता नंबर. पण नाव कशाला हवंय? डावा सुळा शेजारच्या दाताच्या डोक्यावर चढून बसलेला. पुढच्या दाताचा टवका उडालेला — कोर्सला असताना बाटलीचं झाकण दातांनी उघडायला गेली होती बया. इतक्या हसलो होतो की सरांनी दोघींना वर्गाबाहेर काढलं.

तिच्या दाढेला कॅप करायची आहे. मीच करायची आहे. मालकांना म्हटलं, हे दुसऱ्या कुणाला द्या. 'का, चावतायत का?' म्हणे.

सात वर्षं झाली आमचं बोलणं तुटून. आई तेव्हा सारखी दवाखान्यात. प्रत्येक वेळी वाटायचं, आता संपलं. मी भोपूला फोन करकरून रडायचे. एकदा ती म्हणाली, 'तुझी आई दर महिन्याला जाते गं.' आणि हसली! मी म्हटलं, परत आमच्या दारात पाऊल टाकू नकोस. त्याच मिनिटाला तिला ब्लॉक केलं. महिना पुरा व्हायच्या आत आई खरंच गेली. लांबलांबचे, ज्यांची नावंही आठवेनात असे लोक आले. आईच्या हातचं जेवून जी मोठी झाली, ती आली नाही.

ते हसणं मी विसरले असते. न येणं नाही विसरता आलं.

५ मार्च
मेणाची दाढ कोरताना दोनदा चुकले. मेणात परत घडवली. दिवसभर डोक्यात एकच — लिहावं का?

संध्याकाळी वन्संना सांगितलं. यांची मोठी बहीण, आमच्याकडेच असतात. त्यांच्या हातातून फोन सुटत नाही म्हणून हे त्यांना रोज चिडवतात. वन्सं म्हणाल्या, 'लिही की! खाणारेय का ती?' मी म्हटलं, चूक तिची, मी का लिहू? 'मग नको लिहू. कुढत बस.'

याला काय अर्थ आहे.

६ मार्च
लिहिला. चांगला चार वेळा बोट खाली-वर करावं लागेल एवढा. आईचं आजारपण, तिचं वाक्य, कोण कोण आलं, ती कशी आली नाही. वन्संनी वाचला. 'हा मेसेज आहे की आरोपपत्र? वाचून ती वकील गाठेल.'

दुसरा लिहिला — 'हाय, कशी आहेस?' तर म्हणे, 'मध्ये काही घडलंच नाही होय? ती बिचारी विचार करत बसेल, हिला नेमकं हवंय काय.'

शिवाय दातांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ते तर मलाही कळतं. दवाखान्याचं काम बाहेर बोलायचं नसतं, आणि 'तुझी दाढ बघितली, आठवण आली' हे वाचून कुणीही दचकेल.

७ मार्च
वन्संचं नवीन खूळ — आधी सोप्या माणसांवर हात बसव. ज्यांच्याशी भांडण नाही, नुसतंच बोलणं राहिलंय, त्यांना लिही. मग कोर्समधल्या लंबूला लिहिलं. मावसबहिणीला लिहिलं. छातीत धडधड, जसं काही उधार मागतेय! लंबूचं उत्तर लगेच आलं — 'अगं जिवंत आहेस??' आणि पुढे हसण्याची रांग. मावसबहिणीने तर फोनच केला, सोडेचना. मी उगाच घाबरत होते. लोकांना बरं वाटतं.

पण भोपू म्हणजे लोक नव्हेत.

८ मार्च
तिला अनब्लॉक केलं. वाटलं, धडाधड मेसेज येऊन पडतील. एकही नाही! सात वर्षांत एक शब्द नाही! मी पातेलं असं आपटलं की हे बाहेर आले.

वन्संनी कानउघाडणी केली. 'अगं वेडे, ब्लॉक असताना पाठवलेलं तुला कधीच मिळत नाही. नंतर उघडलंस तरी नाही. तिने लिहिलंच असेल तर तिच्या फोनवर असेल, एका टिकवर अडकलेलं.'

म्हणजे तिने लिहिलं असेल. किंवा नसेलही. मला कसं कळणार? आता हे नवीनच लागलं मागे.

९ मार्च
पाठवला. जेवणाच्या सुट्टीत, लॅबच्या मागच्या पायरीवर बसून. असा होता —

'मी आहे. बरेच दिवस तुझी आठवण येतेय. त्या फोननंतर मी दुखावले होते, अजूनही थोडी आहे, पण तुझ्याशी बोलावंसं वाटतं. लगेच उत्तर दिलं पाहिजेस असं नाही. नाही दिलंस तरी मी समजून घेईन.'

शेवटचं वाक्य साफ खोटं आहे.

एक टीक. तिनेही मला ब्लॉक केलं असेल तर? मग दोन टिका. मग दोन्ही निळ्या! वर 'टाइप करत आहे' आलं. गेलं. परत आलं. परत गेलं. मग काहीच नाही. मालकांनी हाक मारली तेव्हा पाय मुंग्यांनी भरले होते.

१० मार्च
नाही.

११ मार्च
नाही. 'दुखावले' लिहायला नको होतं. वन्सं म्हणतात, लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर पुन्हा खोट्यावर सुरुवात झाली असती. त्यांचं काय जातंय सांगायला!

कॅप आज भट्टीत भाजून झाली. रंग बरोबर जुळला. शेजारच्या दातांशी लावून लावून बघितली, इतकी कुणाचीच बघत नाही. गेली दवाखान्यात.

१२ मार्च
सकाळपासून फोन उलटा ठेवते आणि सुलटा करते. काल तिने फोटो बदललाय. केस पांढरे झालेत. म्हणजे फोन बघते, फोटो बदलते, मला मात्र उत्तर देत नाही! मेसेज पुसून टाकावा वाटलं. वन्संनी फोन काढून घेतला. 'तू सात वर्षं घेतलीस, तिला चार दिवस दे.'

स्वयंपाकघरात जाऊन रडले. तिने नाहीच लिहिलं तर? तर निदान मला कळेल की तिला खरंच काही वाटलं नव्हतं. तेच कळायला नकोय मला. भांडण असलं तरी चालतं, पण तिला काहीच वाटलं नसेल, हे नाही चालत.

१४ मार्च
आलं. 'वाचलं. मला काहीतरी शोधायचंय. थांब.'

शोधायचंय? काय? सूड घ्यायला जुने हिशोब काढतेय की काय? जेवण गेलं नाही. यांनी ताट झाकून ठेवलं.

१५ मार्च
तिने तिच्या फोनच्या स्क्रीनचा फोटो पाठवला. तारीख आई गेली त्या दिवसाची. एकच मेसेज, पुढे एकच टीक —

'खाली उभी आहे. दारात यायचं नाही म्हणालीस म्हणून विचारते. वर येऊ का?'

मी लिहायला घेतलं, पुसून टाकलं. सरळ फोन लावला. आधी दोघी नुसत्याच रडलो. मग मी विचारलं, किती वेळ उभी होतीस?

म्हणाली, तुमच्या घरातले दिवे लागले, आणि मग विझले, तोवर.