आभारांच्या यादीतलं एक नाव

आक्का, लांबूनच नमस्कार.

देवाच्या कृपेनं आपल्या मासिकाला वर्ष झालं. बाहेरून लेख पाठवणाऱ्यांचे आभार मानायला मी या अंकात संपादकीय लिहिलं. बारा अंकांच्या अनुक्रमणिका समोर ठेवून एकेक नाव उतरवलं आणि अकारविल्हे लावलं. तुझे शिवणकामावरचे तीन लेख छापलेत, तरी तुझं नाव गाळलं. घरच्या माणसाचे चारचौघांत आभार काय मानायचे!

मुद्रितं तपासणाऱ्या बाई पान घेऊन आल्या. "एक नाव राहिलंय."

"अहो, ती माझी बहीण आहे."

"मग तिचा पहिला लेख चारदा परत पाठवलात, तेव्हा कोण होती?"

मी पेन उचललं. पान गच्च भरलं होतं. शेवटी माझ्या स्वतःच्या कष्टांबद्दलचं वाक्य काढलं, तेव्हा तुझं नाव बसलं. आधी एक प्लंबर, नंतर एक निवृत्त परिचारिका, मध्ये तू. नात्याचा उल्लेख कुठेच नाही.

हे पत्र टाकायला निघालो होतो, पण दारातूनच फिरलो. ही बातमी तुला भावाकडून कळायला नको. बाकीच्या लेखकांसारखा तुलाही अंक टपालानं येईल. तूच उघड.

तुझा धाकटा