कोऱ्या कागदावरून झालेलं भांडण

तीर्थरूप शरद अण्णांना अनगोळहून सरोजिनीचा वाकून नमस्कार. मंगलवहिनींनाही सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं तेल लावता की नुसतं कपाटात ठेवून त्याच्याकडं बघता? इकडं आम्ही सगळे ठीक, म्हणजे शरीरानं ठीक. डोकं मात्र अजून तापलेलं आहे, आणि फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही म्हणून हे पत्र. सावकाश वाचा, मध्ये चहा घ्या, पण पूर्ण वाचा.

तुमच्या निपाणीत गेल्या आठवड्यात जिल्ह्यातल्या शाळांची जलरंग स्पर्धा झाली. परीक्षक म्हणून मला बोलावलं. (चित्रकलेच्या बाईला निवृत्तीनंतर कुणी आठवलं, याचा मला आनंद झाला होता. तो मागं घेते.) दुसरे परीक्षक तुमच्या गल्लीतले राघवेंद्र वकील, जे स्पर्धेच्या समितीचे अध्यक्षही आहेत, आणि तिसरे निवृत्त हेडमास्तर मारुतीराव. विषय होता 'आमची गल्ली'. पहिल्या नंबराला धारवाडच्या सुट्टीतल्या चित्रकला शिबिरात जागा मिळणार होती, म्हणून पोरं जीव ओतून बसली होती. रंगवून झाल्यावर त्यांना बाहेर बसवलं आणि चित्रं आम्ही सतरंजीवर मांडली. गाळून गाळून शेवटी दोन उरली.

पहिलं विमानतळाशेजारच्या सांबऱ्याच्या स्वरूप नावाच्या मुलाचं. गल्लीवरून विमान चाललंय. कल्पना चांगली, पोरगं धीट, त्याच्यावर माझा राग नाही. पण आभाळ बघा! जलरंगात आभाळ भरायचं म्हणजे फळी जरा तिरकी धरायची, भरपूर रंग एकदाच कालवून ठेवायचा आणि भरलेल्या ब्रशनं आडवा पट्टा ओढायचा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचं पाणी साठतं, ते पुढच्या पट्ट्यानं खाली ओढत न्यायचं आणि मागं वळून हात लावायचा नाही. या पोरानं अर्ध्यात रंग संपवला, नवीन कालवला, तोवर आधीचा वाळला. आभाळात पट्टेच पट्टे, चादरीसारखे. झाड आभाळ ओलं असतानाच काढलं, त्यामुळं हिरवा निळ्यात पसरला आणि झाडाला दाढी आली. अर्धवट वाळलेल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला की तो रंगाला कडेला ढकलतो आणि कोबीच्या गड्ड्यासारखी चुणीदार कड उठते. तशा तीन-चार कोब्या आभाळात उगवल्या होत्या.

वकीलसाहेब काय म्हणावेत? "बाई, ढग बघा ढग! आपोआप आलेत. याला म्हणतात हात!"

अण्णा, मी वाद न घालता दुसरं चित्र पुढं ओढलं. (वहिनींना हे खोटं वाटेल, पण खरं आहे.)

दुसरं चित्र वडगावच्या आरोहीचं. तिच्या घरी माग आहे. दारापुढं बांबूवर सुताच्या पांढऱ्या लडी वाळत घातलेल्या, वर ऊन. तिचं आभाळ वर गडद आणि खाली येताना प्रत्येक पट्ट्यात थोडं पाणी वाढवत इतकं अलगद फिकं केलेलं, की कुठं संपलं ते बोट ठेवून दाखवता येईना. रंग तिनंही पसरवला होता, पण ठरवून! दाराच्या आतला अंधार ओला असतानाच त्याच्या तपकिरीत निळा सोडला, म्हणून सावली खोल गेली. लडींच्या कडेला मात्र कागद कोरडा ठेवला, म्हणून तिथं कड सुरीनं कापल्यासारखी. आणि लडी? त्यांना रंगच नाही! नुसता कागद, खालच्या बाजूला पुसट निळी सावली. त्या कोऱ्या कागदावर ऊन पडलंय असं वाटत होतं.

"हे अपुरं आहे," मारुतीराव म्हणाले. "मधला भाग भरलेलाच न्हाय. पेपर कोरा सोडला तर मार्क कसं द्यायचं?"

मी म्हटलं, "सर, पांढरा कागद हाच जलरंगातला पांढरा रंग."

"मग त्या विमानाचं काय?" वकील म्हणाले. "पोरानं पांढरा रंग लावलाय की! कष्ट घेतलेत."

मी दोन्ही चित्रं खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरली. विमानाचा पांढरा न वाळलेल्या निळ्यावर लावलेला, तो निळा त्यात कालवला गेला आणि विमान पातळ ताकाच्या रंगाचं झालं होतं. वर थर जाड आणि मळकट. शेजारी आरोहीच्या लडी लखलखत होत्या. वकील म्हणाले, "मला दोन्ही पांढरंच दिसतंय." या माणसापुढं लोक जमिनीचे नकाशे ठेवतात हो!

पुढं कहर झाला. मारुतीरावांनी दयाळूपणानं आरोहीला आत बोलावलं, तिच्या हातात ब्रश दिला, पांढऱ्या रंगाची बाटली उघडली आणि म्हणाले, "घे बाळ, पाच मिनिटं देतो, राहिलेलं भरून टाक."

पोरीचं तोंड उतरलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग ब्रश खाली ठेवला. "सर, सूत वाळलंय," ती म्हणाली. "आता रंग लावला तर परत ओलं दिसंल."

मारुतीराव म्हणाले, "लई बोलतीस गं!" आणि बाटली घेऊन स्वतःच वाकले. मी चित्र उचललं आणि पदराखाली घेतलं. (माझं वय बघता हे शोभलं नाही. परत वेळ आली तर परत करीन.) म्हटलं, "सर, एवढं सोपं वाटतं तर या कोऱ्या कागदावर नुसतं आभाळ भरून दाखवा. जमलं तर मी तुमच्या निकालावर मुकाट्यानं सही करते."

माणूस हेडमास्तर, माघार कशी घेईल? बसले. पहिले दोन पट्टे बरे गेले. मग एक जागा फिकी दिसली म्हणून तिथं परत ब्रश टेकवला. झालं! कोबी उगवली. ती पुसायला गेले, शेजारी दुसरी उगवली. कागद फुगला, रंग खळग्यात साठला, सरांच्या कपाळावर घाम. वकील म्हणाले, "ढग चांगले आलेत." सरांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते खुर्चीत मागं सरकले.

"हे थांबवायचं कसं गं?" सरांनी हळूच विचारलं. मला नाही, आरोहीला.

"थांबवायचं न्हाय सर. हात काढून घ्यायचा."

सरांनी ब्रश खाली ठेवला आणि हात काढून घेतला. मग मार्कांचा कागद ओढला आणि आरोहीला पहिला नंबर लिहिला. दोघे विरुद्ध एक. पोरगी धारवाडला जाणार. स्वरूपला दुसरा नंबर दिला, आणि वॉश, म्हणजे आभाळाचा सलग रंग, कसा ओढायचा ते मी त्याला जाताना करून दाखवलं. त्यानं ते पटकन उचललं. त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं!

इथं पत्र संपायला हवं होतं. पण हरलेल्या वकिलांनी अध्यक्ष म्हणून काय केलं असेल? पहिल्या नंबराच्या चित्राचा मोठा फ्लेक्स करून चौकात लावला आणि त्याचा फोटो आम्हा सगळ्यांना फोनवर पाठवला. चित्राच्या मधोमध एवढी 'रिकामी जागा' दिसल्यावर त्यांना राहवलं नाही. प्रत्येक लडीवर समितीतल्या एकेकाचा हसरा फोटो, खाली 'हार्दिक अभिनंदन', आणि सगळ्यात मोठ्या लडीवर स्वतः, काळ्या कोटात! मी आरोहीला फोन केला, म्हटलं पोर रडत असेल. ती हसत होती. "बाई," म्हणाली, "सगळ्यांस्नी पिळून वाळत घातलंय."

तिला हसू येतं, मला येत नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
सरोजिनी

ता. क. : फ्लेक्स तुमच्याच घरासमोर आहे. वकील रोज सकाळी तुमच्याकडं चहाला येतात. त्यांना समजावून तो उतरवायला लावा. चहा बंद करावा लागला तरी करा.

ता. क. २ : उजवीकडच्या लडीवर माझाही फोटो आहे. मोरपंखी साडीतला. उतरवताना तेवढा तुकडा नीट कापून ठेवायला सांगा, घडी घालू नये.

ता. क. ३ : घाई मात्र नको. रविवारी माझी नणंद निपाणीला येणार आहे. तिला त्या चौकातूनच आणा.