पहिल्या भाताच्या फोटोखाली

प्रिय नाना,

आज भाऊबीज झाली, दादा दुपारच्या एसटीने पुण्याला गेला, आणि तो स्टँडवरून दिसेनासा होईपर्यंत मी कशीबशी थांबले. आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवणार नाही. आईला सगळं माहीत आहे. मग उरलात तुम्ही! तर ऐका. भात झालं, नाना. आपटा गावच्या आपल्या शेतात, तुमच्या मागे, भात झालं!

आणि कसलं भात! लोंब्या अशा भरल्या होत्या की बांधावरून बघताना मला उगाच रडू आलं. गेल्या वर्षी पाऊस श्रावणातच थांबला आणि लोंबी हातात चुरली की नुसता पोचट कोंडा निघायचा, ते आठवतंय ना? तुम्ही भेगाळलेल्या शेताचा फोटो काढलात आणि आल्बमच्या काळ्या पानावर पांढऱ्या शाईने त्याखाली लिहिलंत, "पाऊस श्रावणात थांबला." बस्स! तेवढंच. मी मॅट्रिकला शाळेत दुसरी आले तेव्हाही फोटोखाली काय लिहिलंत? "सुमन पास." नाना, त्याचा राग मला अजून आहे, सांगून ठेवते.

तुम्ही मार्गशीर्षात गेलात आणि दादाने विषय काढला. मुंबईचं एक गिऱ्हाईक फार्महाऊससाठी जमीन बघतंय, भाव चांगला देतंय, आणि सुमन शाळेत शिकवणार की नांगर धरणार? तसा तो काही वाईट बोलला नाही हो. पण मी हट्टाला पेटले. "एक पीक घेऊ दे मला. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे सही करते," म्हटलं. तो म्हणाला, "ठीक आहे. दिवाळीपर्यंत."

फाल्गुनात रोपांच्या जागेवर राब भाजला. गोवऱ्या, पालापाचोळा, वर मातीचा थर, वाऱ्याची दिशा बघून पेटवायचं, सगळं चांगुणाकाकूने शिकवलं. आपल्या बांधाला बांध लागलेली चांगुणाकाकू, तुम्ही जिला "आपट्याची कृषी अधिकारी" म्हणायचात, तीच. राब छान भाजला. आणि रोहिणीत पेरायला म्हणून मी माळ्यावर चढले, तर बियाण्याची गोणी नाही!

आता खरं सांगते. ती गोणी आम्ही तुमच्या तेराव्याला शिजवली, नाना.

दादा म्हणाला होता की माणसांना कमी पडता कामा नये. गिरणीत न्यायला भात कुठलं, असं त्याने विचारलं, आणि मीच माळ्याकडे बोट दाखवलं. गोणीत कडुलिंबाचा पाला होता, त्यावरूनच ते बियाणं आहे हे कळायला हवं होतं. मला वाटलं, खायचं भात किती जपून ठेवलंय नानांनी! अहो, फोटोखाली लिहायचात, त्या गोणीवर एक अक्षर लिहायला काय झालं होतं तुम्हाला? तुमच्याच बियाण्याच्या भाताने लोक तुमच्या नावाने जेवून गेले. गोणी नाही हे कळलं त्या दिवशी आई माळ्याखालीच बसली आणि म्हणाली, "हे कुणाला सांगू नकोस. गावात हसं होईल."

चांगुणाकाकूला सांगावंच लागलं. ती हसली नाही. कणगीतलं आपलं बियाणं उपसून तिने दोन पाट्या भरल्या. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला कमी पडेल." तर म्हणाली, "आमी खालची दोन खाचरं नाय लावत यंदा. तुजं शेत पडीक ऱ्हायलं तर पुन्ना कोन हात लावनार हाय त्याला?" तिची ती दोन खाचरं यंदा खरंच रिकामी राहिली, नाना. रोज शेतावर जाताना दिसायची.

मग काय, राबात आवणाची रोपं उगवली, लावणी झाली, दोनदा तण काढून बेणणी केली. शाळा सुटली की एसटी पकडायची आणि पदर खोचायचा. दसऱ्यानंतर लवकर तयार होणारं हळवं भात कापलं. कापून पेंढ्या शेतात वाळत पडल्या होत्या तेवढ्यात दुपारी डोंगराकडून आभाळ आलं. भिजलं असतं तर दाण्यांना पेंढीतच मोड आले असते. मी, आई, काकू, तिच्या घरचे सगळे, असे धावलो आम्ही! पाऊस आला तेव्हा शेवटचा भारा पडवीत होता.

फळीवर झोडणी झाली, सुपाने वारवलं, आणि खळ्यावर रास पडली. पहिलं माप काकूने भरलं. "एक" नाही म्हणायचं, "लाभ" म्हणायचं. ती "लाभ" म्हणाली आणि आईने पदर डोळ्याला लावला. मी शाळेतल्या बाईंचा कॅमेरा आणला होता. काकूला म्हटलं, मध्ये उभ्या राहा. ती कसली येतेय! "रास घरात जाईस्तवर मी फोटूत नाय यायची. दिष्ट लागंल." आणि झाली बाजूला. फोटोत आई आहे, मी आहे, रास आहे आणि कडेला काकूचं सूप तेवढं आलंय.

पनवेलच्या स्टुडिओतून फोटो आला तेव्हा मी तुमची पांढरी शाई काढली. काय काय लिहिलं म्हणून सांगू! आधी वहीच्या मागच्या पानावर, कारण काळ्या कागदावरची शाई पुसत नाही. "कोण म्हणत होतं जमणार नाही?" हे पहिलं. मग "दुष्काळानंतरचा विजय". मग डावीकडून नावं, तालुका, जिल्हा. आई म्हणाली, "अगं, फोटो केवढा, मजकूर केवढा! आणि फोटोत जे दिसतंय तेच परत कशाला सांगतेस?"

मी परत फोटो बघितला. आई दिसत होती, मी दिसत होते, भात तर ढीगभर दिसत होतं. मग जे दिसत नव्हतं ते लिहिलं. दोनच शब्द. "बियाणं चांगुणाकाकूचं."

आईने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "राहू दे. खरं आहे ते."

भाऊबिजेला दादा आला. ओवाळून झाल्यावर मी आल्बम पुढे ठेवला. मनातून वाट बघत होते की कधी एकदा याचं तोंड बघते! तो फोटो बघून हसला, मग खाली वाचलं. "काकूचं का? आपलं कुठे गेलं?"

मी आईकडे बघितलं. आईनेच सांगितलं, हळू आवाजात.

दादाने आल्बम पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाला, "म्हणजे मी सायकलवरून गिरणीत नेली, ती गोणी?"

"बोट मी दाखवलं होतं," मी म्हटलं.

नाना, मला जिंकायचं होतं हो त्याच्याशी. चार महिने उत्तरं तयार करून ठेवली होती. एकही काढावंसं वाटलं नाही. तो उठला, चपला घातल्या आणि मला म्हणाला, "चल काकूकडे." काकू अंगणात पेंढा रचत होती. हा एवढा मोठा साहेब, वाकून तिच्या पाया पडला! ती म्हणते, "ए बाबा, आज सन हाय नं? काय खाल्लंस का नाय?" येताना स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर थांबला आणि त्याने मुंबईला फोन लावला. "जमीन द्यायची नाही. नाही, भावाचा प्रश्न नाही. आमच्याकडे भात पिकतं," म्हणाला. मी बूथच्या काचेला टेकून उभी होते, आणि खरं सांगते, मला रस्त्यात नाचावंसं वाटलं.

काकूचं बियाणं मोजून परत केलं. वर आणखी दोन पाट्या, तिच्या रिकाम्या खाचरांसाठी. आधी घेईना, मग मीही तिच्यासारखीच अडून बसले. आमचंही निवडून ठेवलंय, चांगल्या लोंब्यांचं, कडक उन्हात वाळवून.

आणि नाना, शब्द देते. पुढे कुठल्याही साली, गावात कुणाच्याही माळ्यावर बियाणं नसलं, तर त्या माणसाला आपल्या दारातून रिकाम्या पाटीने जाऊ देणार नाही. मग आपली दोन खाचरं पडीक राहिली तरी चालतील.

तुमची,
सुमन