व्याह्याला ‘आपण’ म्हटल्याचं फळ

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (लिहिताना मी खुर्चीत बसलेलो आहे, पण खुर्चीत बसून जितका साष्टांग घालता येतो तितका घातलेला आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचं कानातलं यंत्र सापडलं, की अजून ते मुद्दाम हरवतात? त्यांना माझा नमस्कार सांग, आणि मोठ्याने सांग. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे वेळेवर जेवतात, झोपतात आणि एकमेकांशी फार अदबीने बोलतात. हे शेवटचं तू चष्मा पुसून पुन्हा वाचलं असशील. बरोबरच वाचलंस, कारण सध्या आमच्या घरावर जे संकट आहे ते अदबीचंच आहे.

लग्नाची बातमी तुला कळली असेलच. आमची कन्या आणि काचवाल्याचा मुलगा यांनी ते परस्पर ठरवलं, आणि आम्हाला फक्त आनंद व्हायचा बाकी ठेवला, तो आम्हाला झालाही. काचवाला म्हणजे आपलाच, माझा शाळेपासूनचा जोडीदार आणि आता दुकानातला भागीदार. तू आमच्या दुकानात कधी आलेली नाहीस म्हणून सांगतो. मी पुढे बसून लोकांचे डोळे तपासतो, तो मागे बसून चष्म्याच्या काचा घासतो. मध्ये फळ्यांची भिंत आहे आणि तिला काचा द्यायघ्यायला एक तोंडाएवढी खिडकी. त्या खिडकीतून इतकी वर्षं मी ‘अरे गाढवा, झाली का काच?’ असं विचारत आलो आणि तो ‘बोंबलू नकोस’ असं उत्तर देत आला. यात कोणाचा अपमान होतोय असं आमच्याच काय, गिऱ्हाइकांच्याही मनात आलं नाही. एका बाईंनी तर गाढव हे त्याचं आडनाव समजून पावतीवर तसं लिहून मागितलं होतं.

पण लग्न ठरलं आणि आमच्या हिने मला समोर बसवलं. “अहो, ते आता व्याही झाले. मुलाकडचे. त्यांची थोरली बहीण येणारे बोलणी करायला. तिच्यादेखत तुम्ही व्याह्यांना गाढव म्हणालात तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. नीट आपण-बिपण म्हणा.” थोरली बहीण तुला आठवत असेल. पुढे ती मुख्याध्यापिका झाली आणि आता निवृत्त आहे, पण हे तिला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. तेव्हा हिचं म्हणणं मला पटलं. (हिचं म्हणणं मला नेहमी आधी पटतं आणि मग कळतं.) मी कपड्यांच्या कपाटासमोर उभा राहून तालीम केली. ये, या, यावं. बस, बसा, बसावं. शब्द तोच, फक्त पायरी वरची. वाटलं, एवढंच तर आहे, दोन पायऱ्या चढायला काय जातंय!

बोलणी करायच्या दिवशी मंडळी आली. तो सवयीप्रमाणे चपला कोपऱ्यात भिरकावून आत शिरला, आणि मी हात जोडून म्हणालो, “यावं, यावं. आपण इथे बसावं.” मावशी, त्याने मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, त्याच्यामागून कोणीतरी मोठा माणूस येतोय. मागे फक्त दार होतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, हसायला तोंड उघडलं, माझा चेहरा गंभीर दिसला तसं मिटलं, आणि ज्या खुर्चीवर तो इतकी वर्षं पाय वर घेऊन बसतो तिच्या कडेवर टेकला. थोरल्या बहिणीने मात्र मान डोलावली. तिच्या डोळ्यांतले गुण बघून मला जोर चढला. मी म्हणालो, “आपण चहा घेणार ना? आमचा साधाच असतो, आपल्याला चालेल ना?” आता हा माणूस आमच्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हाताने साखर घेतो. त्याला मी चहा चालेल का म्हणून विचारलं! तो म्हणाला, “आपली कृपा.” चहा तसाच राहिला, वर साय धरली. थोड्या वेळाने तो उठला आणि म्हणाला, “निघतो आम्ही.” तो एकटाच होता उठलेला, बाकीचे बसलेलेच होते, तरी ‘आम्ही’ म्हणाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी फार बिघडलं आहे.

यावर मी बराच विचार केला (दुकानात हल्ली बोलणंच नसल्यामुळे विचाराला वेळ मिळतो). ‘तू’ या शब्दात वाईट काही नाही. देवाला आपण तू म्हणतो, आईला तू म्हणतो, तुला तर वर ‘ती.’ लिहूनही खाली तू म्हणतोच आहे. आणि खिसा कापणाऱ्यालाही तूच म्हणतो. ‘आपण’मध्येही वाईट काही नाही, बँकेतल्या साहेबांना म्हटलं की ते पाघळतात. आमची ही मला ‘तुम्ही’ म्हणते आणि त्यात माया असते. उद्या ती मला एकदम ‘तू’ म्हणाली तर मी घाबरून घराबाहेर पळेन. म्हणजे मान किंवा अपमान त्या रूपात नसतोच. दोन माणसांची एक पायरी ठरलेली असते, कोणी न ठरवता ठरलेली, आणि त्या पायरीवरून एकाने न विचारता पाय हलवला की झोंबतं. खाली उतरलात तर ‘मला कमी लेखलं’, आणि वर चढलात तर ‘मला परकं केलं’. लहान मुलाला ‘या, बसा’ म्हटलं तर लाड होतो, कारण ती गंमत आहे हे त्यालाही कळतं. मी गंमत करत नव्हतो. काचवाल्याला ‘बसावं’ ऐकू आलंच नाही, त्याला ऐकू आलं की आता तू या घरातला नाहीस.

दुसऱ्या दिवशी दुकानात तो आला आणि ‘नमस्कार’ म्हणाला! खिडकीतून काच आली ती मऊ कापडावर ठेवून. “आपली काच तयार आहे. आपण पाहून घ्यावी.” ‘पाहून घ्यावी’ या दोन शब्दांना एवढी धार येऊ शकते हे मला माहीत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, चूक माझी आहे, मीच खाली उतरावं. खिडकीत तोंड घालून प्रेमाने म्हणालो, “अरे, ऐक ना.” तर समोरचं गिऱ्हाईक चष्मा बसवून घेत असताना तो मोठ्याने म्हणाला, “घरी पाहुण्यांसमोर आपण, आणि दुकानात लोकांसमोर अरे? आमचा मान काय फक्त आमच्या बहिणीपुरता?” झालं! चढलो तेव्हा परका झालो होतो, उतरलो तर उद्धट झालो. मधलं ‘तुम्ही’ वापरून पाहिलं, तर म्हणाला, ‘तुम्ही’ तर आपण गिऱ्हाइकांना म्हणतो, आता आम्हीही गिऱ्हाईक झालो का?

मग मी माझ्या धंद्यातली युक्ती काढली. डोळे तपासताना समोरचा माणूस नेमका केवढा, कोण, हे अंधारात कळत नाही. म्हणून मी तू-तुम्हीच्या भानगडीत न पडता म्हणतो, ‘हनुवटी इथे टेकवायची, समोर बघायचं, पापणी हलवायची नाही.’ कर्ताच ठेवायचा नाही, म्हणजे कोणी चिडत नाही. तेच सुरू केलं. ‘काच बघायची का? चहा प्यायचा ना? दुकान बंद करायचं?’ दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्याने खिडकीतून आपला चेहराच पुढे काढला आणि विचारलं, “हनुवटी कुठे टेकवू?”

इथवर हसण्यासारखं होतं. पण त्याने घरी जाऊन सांगितलं, मुलीच्या बापाला आम्ही आपले वाटत नाही, तेव्हा पुढची बोलणी थांबवा. आणि बोलणी थांबली. त्याचा मुलगा परवा पांढऱ्या तोंडाने माझ्यासमोर तपासणीच्या खुर्चीत येऊन बसला. मला वाटलं, डोळ्यांत काही गेलं असेल. म्हणाला, “काका, ती मला तुम्ही म्हणाली.” आमच्या पोरीला विचारलं तर म्हणाली, “तुमच्या भांडणात तो त्यांच्या बाजूने बोलला. मग दुसरं काय म्हणू? आणि बाबा, जिथे जाऊन मला रोज यावं-बसावं करायचंय त्या घरात मी जाणार नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पुसलं तर माझ्याही आलं. ज्याला ती लहानपणापासून काका म्हणते त्याच्याच घरात ती जाणार म्हणून तर मी निर्धास्त होतो.

काल एक आशेचा प्रसंग घडला. त्याच्या सदऱ्याची बाही काच घासायच्या चाकाकडे गेलेली मला खिडकीतून दिसली आणि मी ओरडलो, “गाढवा, हात!” त्याने झटकन हात मागे घेतला आणि म्हणाला, “काय रे?” ते ‘रे’ ऐकून मला इतकं बरं वाटलं! आम्ही दोघं खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभे होतो. मग त्याला आठवण झाली. त्याने बाही नीट दुमडली आणि म्हणाला, “आभारी आहोत.” पण ‘रे’ निघालं हे खरं. तेव्हा सगळं मार्गी लागल्यातच जमा आहे, तू अजिबात काळजी करू नकोस. तब्येतीला जप, जिना चढू नकोस, आणि लग्नाला सावकाश ये, घाई नाही.

तुझा भाचा

ता. क. वरचं सगळं मार्गी लागल्याचं वाक्य खरं मानू नकोस. पत्र पाकिटात घालण्याआधी ही वाचते, आणि म्हाताऱ्या माणसाला घोर लावू नये असं तिचं मत आहे. आता वाचून ती शेजारी गेली आहे म्हणून खरं लिहितो. काहीही मार्गी लागलेलं नाही. पोरगी दोन दिवस नीट जेवलेली नाही.

ता. क. २. तू ये. मिळेल त्या गाडीने ये. आम्ही दोघंही आता सासरे व्हायच्या वयाचे झालो, आणि दोघांनाही अरे-तुरे करणारं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. मी चढलो तरी त्याला लागतं, उतरलो तरी लागतं. तू मात्र लहानपणी आम्हा दोघांच्याही कानशिलात सारखीच देत होतीस तशीच आता बोललीस, तर आम्हाला दोघांनाही एका पायरीवर उभं राहावंच लागेल. सरळ दुकानात ये आणि दारातूनच शिव्यांना सुरुवात कर.

ता. क. ३. एक मात्र सांभाळ. पहिली शिवी त्याला दे, मला नंतर. ते मुलाकडचे आहेत. आधी मला दिलीस तर म्हणेल, मान मुलीकडच्यांना मिळाला.