दहा मंगळवार

१० जून, सोमवार

आले एकदाची रास ज़ैतूनला. ट्यूनिसहून बसने पाच तास, मांडीवर प्रबंधाच्या चार प्रती. बाकी सामान डिकीत टाकलं, पण प्रती कुणाच्या हातात दिल्या नाहीत. सत्तावीसला व्हायवा, तीही इथल्याच इस्पितळाच्या सभागृहात, कारण माझे सगळे रुग्ण इथलेच.

खोली झकास आहे. वरच्या मजल्यावर, खिडकीतून समुद्र. घरमालकीण खाला मबरूका; खाला म्हणजे इथली मावशी. दार उघडताच त्यांनी माझे गाल धरले आणि बजावलं की बाई, इतकी वाळकी दिसलीस तर परीक्षक तुला फुंकरीने उडवतील, आधी जेव. मग समोर माशाचा कुसकुस आला. दोनदा वाढून घेतला.

त्यांचे यजमान अम्म हेदी, म्हणजे हेदीकाका, हे जुने कोळी. हृदय अशक्त झालंय, गेल्याच आठवड्यात इस्पितळातून घरी आलेत. काठी टेकत दारापर्यंत आले आणि मला म्हणाले की पूर्वी असं दुखणं आलं की दहा दिवस खाटेवर पाडून ठेवायचे, तुझ्या शोधामुळे चौथ्या दिवशी सुटलो. मी लाजले. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

१८ जून, मंगळवार

आज घरी सोडलेल्या हृदयरुग्णांचा वर्ग पाहिला. दर मंगळवारी इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावर भरतो. खुर्च्या गोल मांडलेल्या. श्वासाचे व्यायाम, हलकं चालणं, गोळ्यांची उजळणी. असे सलग दहा मंगळवार.

माझा प्रबंध एवढ्यावरच उभा आहे. घरी सोडलेले दोनशे चाळीस रुग्ण, प्रत्येकावर वर्षभर नजर. दहाही वर्ग पूर्ण केलेले एकशेवीस, त्यांतले सहा वारले. पूर्ण न केलेले एकशेवीस, त्यांतले छत्तीस. सहा कुठे, छत्तीस कुठे! आकडे पहिल्यांदा जुळले त्या दिवशी मी आईला फोनवरून रडवलं होतं.

माझे मार्गदर्शक प्राध्यापक लमजद यांनी हेच आकडे जानेवारीत इस्पितळाच्या बैठकीत मांडले आणि तेव्हापासून रुग्णांना लवकर घरी सोडतात. वर्ग आहे ना! अम्म हेदींचा आज दुसरा मंगळवार. जिना चढताना तीनदा थांबले. मला पाहून मात्र त्यांनी छाती फुगवून दाखवली.

२४ जून, सोमवार

परीक्षकांचे दोन्ही अहवाल आले, दोन्ही अनुकूल. सर म्हणाले की आता व्हायवा म्हणजे नुसता सोहळा, भाषण कमी पाठ कर आणि झोप जास्त काढ. बकलाव्याचं ताट आणि सरबत किती लोकांचं ठेवायचं, यावर आई आणि खाला मबरूका यांची फोनवर जुंपली आहे. खालांचं म्हणणं, ऐंशी माणसं धरून चाल, निकाल कानावर पडला की गल्लीतले कुत्रेसुद्धा येतील. मी आपली मजेत ऐकते आहे.

अम्म हेदींना उताणं झोपवत नाही. बसूनच झोपतात. चपला पायात शिरेनात. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणाले की वर्ग चुकवला नाहीये मी एकही.

२६ जून, बुधवार, रात्री दहा

एका परीक्षकांनी दुपारी कळवलं की वर्षअखेरची बेरीज नको, घरी सोडल्या दिवसापासून आठवड्याआठवड्याला मृत्यू कसे झाले, ते आलेखात दाखवा. अर्ध्या तासाचं काम. केलं.

दहा वर्ग पूर्ण करणाऱ्यांची रेघ पहिले दहा आठवडे सपाट आहे. एकही मृत्यू नाही.

आधी आनंद झाला. मग ती रेघ पुन्हा पाहिली.

तिथे मृत्यू असूच शकत नाही. त्या रकान्यात नाव यायला दहा मंगळवार जगावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात जो गेला, तो दहा वर्ग पूर्ण कसे करणार? त्याला मी ‘अपूर्ण’मध्ये टाकला. ‘पूर्ण’वाल्यांना दहा आठवड्यांचं अभय मी दिलं, वर्गाने नाही. वर्ग केले म्हणून माणसं जगली, असं मी लिहिलं. जगली म्हणून त्यांचे वर्ग झाले.

रात्री साडेअकरा

पुन्हा मोजलं. दहाव्या आठवड्याला जे जिवंत, तेवढेच धरले आणि तिथून पुढे मोजत गेले.

छत्तीसपैकी एकोणतीस त्याआधीच गेलेले. उरले एक्क्याण्णव, त्यांतले सात वारले. शंभराला आठसुद्धा नाहीत. ‘पूर्ण’मध्ये शंभराला पाच. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. शिवाय वर्ग सोडणारे मुळातच जास्त आजारी असतील.

म्हणजे वर्गाने जीव वाचतो, याला माझ्याकडे पुरावा नाही. आणि खाटा आपण चौथ्या दिवशी रिकाम्या करतोय. पहिले काही आठवडेच सगळ्यात धोक्याचे असतात.

रडू येत नाही. काहीच येत नाही.

रात्री एक

हजेरीपट काढला. एकोणतीसपैकी तिघे कधी आलेच नाहीत. बाकी सव्वीस जणांनी मरेपर्यंत एकही मंगळवार चुकवला नाही. तीनपैकी तीन. सातपैकी सात. एक बाई नऊपैकी नऊ.

पान एकशे बारावर मी त्यांना ‘अनियमित’ म्हटलंय.

सरांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले की अहवाल मंजूर आहेत, तुझे आईवडील निघालेत, उद्या पदवी घे, दुरुस्ती नंतर शांतपणे छापू. म्हणाले, “पोरी, रात्री सगळ्यांनाच आपला प्रबंध खोटा वाटतो.” मी हो म्हटलं.

पहाटे तीन

खाली अम्म हेदी खोकताहेत. ओला, घरघरता खोकला. खाला त्यांना समजावताहेत की वर्गात शिकवलंय तसा श्वास घ्या, होईल कमी.

खाली जायला हवं. त्यांना आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या, व्यायामाने हे थांबणार नाही, असं सांगायला हवं. मग त्या विचारतील, तूच तर म्हणाली होतीस ना —

दाराशी गेले. कडीला हात लावला. परत येऊन बसले. व्हायवा झाली की सांगेन. सातच तास तर —

खोकला थांबला.

बरं वाटलं असेल. मी तसंच धरून चालले आहे.

२७ जून, गुरुवार, नऊ वाजून चाळीस

सहालाच निघाले, खालांचं दार न वाजवता. ते बंद होतं.

सभागृहाबाहेर ताटं लागली आहेत. आईबाबा पुढे बसलेत. आई हसते आहे.

मागच्या रांगा भरल्या. ही माणसं आईच्या ओळखीची नाहीत, माझ्याही नाहीत. कुणी कुणाशी बोलत नाही. खुर्च्या त्यांनी स्वतःच गोल फिरवून घेतल्या. मोजले — सव्वीस.

फोन थरथरतो आहे. खाला मबरूका. चौथ्यांदा. उचलवत नाही.

नऊ बावन्न

अम्म हेदी आले. काठी नाही. जिना चढून आले आणि धाप नाही. पायात चपला नीट बसल्या आहेत. आईने पुढची खुर्ची दाखवली, तिच्याकडे पाहिलंही नाही. मागे गेले. त्या लोकांनी सरकून जागा दिली.

फोन पुन्हा — आता संदेश आलाय. उघडत नाही. ठाऊक आहे.

परीक्षक आले. सर मला अंगठा दाखवताहेत. मागचे सगळे माझ्याकडे बघताहेत, रागाने नाही, वर्गात बघतात तसे, शिकायला —

नाव पुकारलं.

उभी राहते आहे. पहिलं वाक्य सांगायचं ते हेच, की पान एकशे बारावरची ही माणसं —