सरावासाठी नाही

दि. ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप वन्सं,

सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा आता बरा असेल. इकडे सगळं ठीक, लेकीचा फोन येत असतो. दुकानात औषधं घ्यायला ऐकू न येणारी माणसं येतात, म्हणून मी खुणांच्या भाषेचा संध्याकाळचा वर्ग लावलाय, हे मागे कळवलं होतंच. सरावाला जोडीदार म्हणून एक कुलूपवाले मिळाले, हे मात्र कळवलं नव्हतं.

त्यांचे कान हळूहळू जातायत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. सराव समोरासमोर बसून करायचा, आणि या भाषेत नजर हटली की वाक्य तुटतं. आता सांगा, कुणी तासभर आपल्या तोंडाकडे बघत राहिलं तर मनात काही येणार नाही का? माझ्या आलं. या वयात. लिहितानासुद्धा लाज वाटते.

मग बाईंनी जोड्या बदलल्या. कुलूपवाले त्यांच्या नव्या जोडीदारणीकडेही तसेच एकटक बघत होते. मीही माझ्या नव्या जोडीदाराकडे तशीच बघत होते, आणि तो माणूस मला मुळीच आवडत नाही. म्हणजे नजरेवरून काही ठरवायची सोय नाही. त्या दिवशी घरी येऊन नुसती बसून राहिले. दूध उतू गेलं तरी उठले नाही.

नंतर मी वर्गाबाहेरचं बघू लागले. जोडी मोडली तरी ते जिन्याखाली माझ्यासाठी थांबत. धड्याचं काही विचारत नसत. आमच्या दुकानाची मालकीण आज कुणावर खेकसली, मागच्या आठवड्यातला खोकला गेला का, असलं विचारत. पण काही माणसं मुळातच चांगली वागतात, वन्सं. आपण हवेत इमले बांधायचे आणि मग वर्गात तोंड दाखवायची चोरी.

शेवटी काल जिन्याखाली मीच विचारलं. "वर्ग संपत आला. रविवारी तळ्याकडे फिरायला याल? सरावासाठी नाही. नको वाटलं तर सरळ नाही म्हणा, वर्गात मी पहिल्यासारखीच बोलेन."

ते म्हणाले, "तुम्ही माझ्याशी एवढं सावकाश बोलता, मला वाटायचं माझी कीव करताय."

"कीव कसली? तुम्हाला कळावं म्हणून बोलते."

"मग येतो," म्हणाले. "मला विचारायचा धीर होत नव्हता."

तुमचे भाऊ गेले तेव्हा सगळ्यांआधी तुम्ही येऊन माझ्याजवळ बसलात. म्हणून हे लेकीच्याही आधी तुम्हाला लिहितेय. त्यांची आठवण रोज येते, अजूनही येते, आणि तरीही मला रविवारी जायचंय. मी जाणार आहे. रागावलात तर तसं लिहा, चार शब्द जास्तच लिहा. फक्त बोलणं टाकू नका. ते मला सोसणार नाही.

तुम्ही म्हणू द्याल तोवर,
तुमची भावजय