माफीच्या पत्राचा धडा

४ जून, मंगळवार
आज टाचणीचा वाढदिवस. टाचणी म्हणजे छापखान्यातली माझी जुनी सहकारी. मी प्रुफं वाचायचो, ती माझ्या नजरेतून सुटलेल्या चुका काढायची. फारशा नसायच्या. हल्ली ती अंथरुणाला खिळली आहे. संध्याकाळी केक कापणार, काका नक्की या, असं तिच्या मुलीनं पुन्हा पुन्हा बजावलं होतं. निघालो होतोच. बूट घातले आणि नाकात हुळहुळलं. आजारी माणसाकडे सर्दी घेऊन जायचं म्हणजे गुन्हाच. बूट काढले. त्यागच म्हणायचा.

५ जून, बुधवार
सर्दी झाली नाही. वेळीच घरी थांबल्याचा परिणाम.
बायको म्हणाली, निदान फोन तरी करायचा होतात. फोनवर माणूस काहीही बोलून जातो. मी पत्र लिहिणार. नाहीतरी मी शिकवतो त्या प्रौढांच्या लेखनवर्गात परवा पत्रं सुरू करायची आहेत. विषय ठरला: मैत्रिणीच्या वाढदिवसाला न गेल्याबद्दल माफीचं पत्र. दोन्ही कामं एकदम उरकतील.

७ जून, शुक्रवार
वर्ग. माझं पत्र फळ्यावर लिहिलं. सर्दीच्या वर्णनातच फळा भरला. वर्गातल्या टॅक्सीवाल्यानं हात वर करून विचारलं, सर, यात माफी कधी मागायची? म्हटलं, तेच तुमच्या लक्षात येतंय का बघत होतो. पुसलं.
मग नीट शिकवलं. वर उजवीकडे तारीख. डावीकडे 'प्रिय', नाव, स्वल्पविराम. पहिल्याच वाक्यात चूक, आणि सरळ: 'तुझ्या वाढदिवसाला मी आलो नाही, मला माफ कर.' 'येणं झालं नाही' असं लिहायचं नाही, त्यात कर्ता पळून जातो. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हेही नको, वाटलंच आहे. कारण एका वाक्यात आणि खरं. मग तिच्या बाजूनं एक ओळ: 'तू वाट पाहिलीस.' शेवटी भरपाई. 'कधीतरी भेटू' म्हणजे काहीच नाही, वार आणि वेळ लिहा. 'तुझा मित्र', खाली सही.
शिंपीणबाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. हात अजून शाबूत आहे आपला.

८ जून, शनिवार
टाचणीसाठी स्वच्छ प्रत काढली. कारणापाशी अडलो. सर्दी आता चालणार नाही. 'तुला तशा अवस्थेत बघायची मला भीती वाटली' असं लिहून पाहिलं. वाचायला बरं वाटेना, पण धड्याच्या दृष्टीनं निर्दोष. ठेवलं. भरपाई: 'रविवारी, सोळा तारखेला, दुपारी चार वाजता मी येतो. तुझ्याजवळ बसतो.'
पेटीत टाकलं. एकदम हलकं वाटलं. प्रकरण मिटलं.

१२ जून, बुधवार
टाचणीच्या मुलीचा फोन. पत्र मिळालं. आईनं पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, हसली म्हणे. एक स्वल्पविराम सुटलाय, असंही म्हणाली. शक्यच नाही. कच्चा खर्डा काढून पाहिला. सुटलाय.
रविवारी येताय ना, असं मुलीनं विचारलं. म्हटलं, हा काय प्रश्न झाला?

१६ जून, रविवार, दुपारी
बायकोनं शर्टाला इस्त्री करून ठेवली आहे. वर्गाच्या वह्या मात्र तशाच पडल्यात. बिचारे दिवसभर राबून लिहितात. तेवढ्या तपासतो आणि निघतो.

संध्याकाळी
वह्या झाल्या. आता गेलो तर उशीर, आणि उशिरा जाणं हे न जाण्यापेक्षा वाईट दिसतं. बायकोनं शर्ट उचलून कपाटात ठेवला. पुढचा रविवार अख्खा टाचणीला द्यायचा. ठरलं.

१८ जून, मंगळवार
टाचणी काल पहाटे गेली.
मुलीनं फोनवर सांगितलं, रविवारी दुपारीच तिनं केस विंचरून घेतले. मला खुर्चीत बसवा म्हणाली. बसवत नव्हतं, तरी अंधार पडेपर्यंत बसली. झोप म्हटलं की म्हणायची, वेळ लिहिलीय त्यानं, येईल.
मुलगी रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
मी म्हणालो, अगं, येणं झालं नाही.

२१ जून, शुक्रवार
वर्गाला गेलो. नागा करून चालत नाही.
शिंपीणबाईंनी विचारलं, सर, तुमच्या मैत्रिणीचं उत्तर आलं का? सगळ्यांनी माना वर केल्या. आलं, म्हणालो. माफ केलं तिनं. वर्ग खूश. टॅक्सीवाल्यानं टाळी वाजवली. मग सगळेच म्हणाले, ते फळ्यावर लिहा ना सर, माफीला उत्तर कसं देतात ते आम्हाला कुठे ठाऊक आहे.
खडू घेतला. तारीख घातली. 'प्रिय' लिहिलं, पुढे माझं नाव, स्वल्पविराम.
सगळे वह्या उघडून थांबले होते.
डोकं दुखतंय असं सांगून तास सोडला.